अनुभव धागा: तांब्यांचं ‘जन पळभर’ आणि भटांचं ‘सरणावर’, दोन्ही शेजारी ठेवून वाचलंत का कधी?

पिंपळपार
मरणावरच्या कविता ढीगभर आहेत, पण या दोन जवळपास प्रत्येकाच्या कानावरून गेलेल्या असतात म्हणून निवडल्या. भा. रा. तांब्यांची ‘जन पळभर म्हणतील हाय हाय’ आणि सुरेश भटांची गझल ‘इतकेच मला जाताना सरणावर कळले होते’. दोन्हीकडे ‘मी’च बोलतोय आणि स्वतःच्याच मरणाबद्दल बोलतोय, तरी एक वाचून मला हलकं वाटतं आणि दुसरी वाचून छातीवर काहीतरी बसल्यासारखं होतं. तुम्हाला काय होतं आणि ते कशामुळे होतं ते लिहा, नुसतं ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’ नको प्लीज.

छंदीफंदी
मी सुरुवात करतो. मला फरक कळला तो क्रियापदांवरून. तांब्यांची पहिली तीन कडवी बघा, तळपतील, झळकतील, आचरतील, वाहतील, पिकतील, पुसतील, लागतील, सगळा भविष्यकाळ. बोलणारा अजून जिवंत आहे, मजेत बसून पुढचं बघतोय. मग रामकृष्णांच्या कडव्यात एकदम भूतकाळ येतो, ‘आले गेले’, म्हणजे पुरावा दिला. आणि शेवटच्या कडव्यात ‘कुढावे’, ‘गुंतावे’, ‘व्हावे’, म्हणजे आता निकाल. आधी काय होणार, मग आधीही तसंच झालंय, मग आपण काय करावं, असं रीतसर आर्ग्युमेंट आहे ते. भटांकडे रदीफच ‘होते’ आहे. कळले होते, छळले होते, निखळले होते, उजळले होते. प्रत्येक शेर जाऊन आदळतो तो झालेल्या गोष्टीवर, बदलायला काही शिल्लकच नाही. माणूस सरणावर चढून बोलतोय. तो छातीवरचा दगड म्हणताय ना, तो माझ्या मते या रदीफाचा आहे.

रिकामटेकडी
काळाचं पटलं. पण टोनबद्दल थोडं वेगळं. मी तांबे आधी लताबाईंच्या आवाजात ऐकले, वसंत प्रभूंची चाल, त्यामुळे कित्येक वर्षं मला ते दुःखी गाणंच वाटायचं. नंतर पुस्तकात मोठ्याने वाचलं तर चक्क मिश्किल वाटलं, ‘सखेसोयरे डोळे पुसतील, पुन्हा आपल्या कामी लागतील’ हे रडत म्हणायचं वाक्यच नाहीये, आणि त्याच्यापुढे लगेच ‘हसुनी खिदळतील’!! खिदळतील हा शब्द सुतकाच्या घरात कोण वापरतं. हा माणूस नातेवाइकांना चिमटा काढतोय आणि रागावलेला अजिबात नाही.

भटका_विदर्भी
छंदीफंदी एक करेक्शन. तुम्ही गझलेला एकसंध धरून चाललात. ‘मरणाने केली सुटका, जगण्याने छळले होते’ हा मतला मरणाचा, कबूल, पण मधले कितीतरी शेर प्रेमाचे आहेत. तिचं नाव वगळणं, रडताही न येणं, स्मरणांची रिमझिम, यात मरण कुठे आलं? गझलेत प्रत्येक शेर सुटा असतो, त्यामुळे ही मरणावरची कविता म्हणणंच चूक आहे, तुलना होतच नाही.

छंदीफंदी
सुटा असतो हे अर्धंच खरं हो. अर्थाने सुटा, पण मतल्याने सरणावर उभं केलं की पुढचे शेर तिथूनच ऐकू येतात. आपण चुपचाप नाव वगळलं हे जिवंतपणी सांगणं वेगळं आणि चितेवरून सांगणं वेगळं. आणि रदीफ-काफिया परत परत त्याच ठिकाणी आणून सोडतात. तांब्यांच्या कडव्यांची जागा बदलून बघा, रामकृष्ण आधी आणि सूर्य-चंद्र नंतर, सगळं कोसळतं. भटांचे मधले शेर खालीवर केले तर फारसं बिघडत नाही, तुमचा मुद्दा तेवढ्यापुरता मान्य.

शाळेतला_बाक
मीटर मोजायची खोड म्हणून विचारतो, ‘जगण्याने छळले होते’ मध्ये एक मात्रा जास्त होते ना? जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, म्हणजे ‘ण्या’च्या आधीचा ‘ग’ दोन मात्रांचा, मग पंधरा झाल्या. भटांची चूक म्हणायची का 😬

छंदीफंदी
चूक नाही. ‘जगण्याने’ म्हणून बघा, ‘ग’वर आघात येतो का? नाही येत, ‘तुझ्या’तल्या ‘तु’वर येत नाही तसाच. मराठीत आघात नसेल तर लघुच धरतात. सहा, चार, चार, झाल्या चौदा. प्रत्येक ओळ चौदा-चौदा अशी दोन तुकड्यांत मोडते आणि मधे श्वास घेतला जातो. तांबे सोळा मात्रांत सरळ चालतात, मात्र तिथे ‘म्हणतील’ लिहिलेलं ‘म्हणतिल’ म्हणावं लागतं, नाहीतर एक मात्रा खरंच जास्त होते.

मोरपीस७
माझा अनुभव वेगळाच आहे, धाग्यात बसतो का माहीत नाही. आमच्या सासऱ्यांच्या दशक्रियेच्या पत्रिकेवर दोन ओळी टाकायच्या होत्या, दीर म्हणाले ‘मरणाने केली सुटका’ टाकू, ते आजारीच होते बरेच दिवस. सासूबाईंनी एवढंच विचारलं, म्हणजे आम्ही छळलं का त्यांना? शेवटी नुसता फोटो आणि तारीख छापली. यातली कोणती ओळ पत्रिकेवर चालते हे कुणी सांगेल का, पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे.

रिकामटेकडी
मोरपीस, खरं सांगू का, दोन्ही नकोत. तांब्यांची टाकली तर घरचे म्हणतील आम्हाला ‘पळभर’च दुःख झालं की काय! जाणाऱ्याने स्वतः म्हटलं तर शोभतं ते, मागे राहिलेल्यांनी छापलं तर भलताच अर्थ होतो.

ग्वाल्हेरी_मराठी
आमच्याकडे तांबे म्हणजे घरचे, ग्वाल्हेरचे राजकवी. आमच्या आजोबांना ही कविता पाठ होती आणि ते शेवटच्या कडव्यावर अडून बसायचे. म्हणायचे, लोक पहिली तीन कडवी म्हणतात आणि थांबतात, मग कविता नुसती ‘जगाला काही पडलेली नाही’ एवढीच उरते. शेवटी ‘हरिदूता का विन्मुख व्हावे?’ आहे, न्यायला आलेला हरीचा दूत आहे, यमाचा नाही. भक्तीचा तो आधार काढला तर उरतो तो कडवटपणा. भटांकडे असा कुणी न्यायला येत नाही, तिथे सरण आहे, पाषाणांची दुनिया आहे, आधीच निखळलेलं दार आहे, सगळ्या माणसांच्या वस्तीतल्या गोष्टी. तांब्यांचे मेघ, शेतं, नद्या माणसाकडे बघतही नाहीत, आणि गंमत म्हणजे त्याचाच दिलासा वाटतो.

पिंपळपार
ग्वाल्हेरी, सुंदर. यावरून माझं खरं अडलेलं विचारते. दोन्ही कवितांत मी गेल्यावर उजेड आहे. तांब्यांचा सूर्य तळपतच राहतो. भटांचा शेवटचा शेर, ‘मी एकटाच त्या रात्री आशेने तेवत होतो, मी विझलो तेव्हा सारे आकाश उजळले होते’. चित्र जवळजवळ एकच, मग एकीकडे शांत का वाटतं आणि दुसरीकडे चटका का बसतो?

भटका_विदर्भी
चटका कसला, तो तर अभिमानाचा शेर आहे! मी विझलो आणि माझ्यामुळे आकाश उजळलं. मेल्यावर कीर्ती.

छंदीफंदी
मला उलट वाटतं. रात्रभर दिवा पहाटेची वाट बघत जळला आणि पहाट झाली तेव्हा तो संपलेला होता. ‘माझ्यामुळे’ असं ओळीत कुठेच नाही, फक्त ‘तेव्हा’ आहे. तांब्यांना सूर्याकडून काही नकोच होतं म्हणून तो उगवला की बरं वाटतं. भटांचा दिवा आशेने तेवत होता, त्याला हवं होतं ते मिळालं, पण उशिरा.

भटका_विदर्भी
‘एकटाच’ वाचा की. सगळे झोपलेले, हा एकटा जागा, मग उजाडलं. श्रेय कोणाचं? आमच्याकडे मुशायऱ्यात या शेराला लोक उठून दाद देतात, हळहळत नाहीत.

शाळेतला_बाक
दाद तर हळहळीलाही देतात ना. मला दोन्ही पटतंय आता, त्यामुळे मी गप्प. पण ती ‘म्हणतिल’वाली मात्रा मात्र पुन्हा मोजली, बरोबर आहे.