"जाऊ द्या, झालं" म्हणणाऱ्याला उत्तर द्यायचं का?

रविवार_बंद:
ऑफिसच्या ग्रुपवर "कोणाला माहितीये का, हे असं का होतंय?" एवढंच टाकायचं आणि दोन मिनिटांत "जाऊ द्या, झालं". अशांना मी उत्तर देत नाही, आणि कोणीच देऊ नये. ना धड प्रश्न, ना धड उत्तर, नुसता फोन वाजतो.

जुना_अ‍ॅडमिन:
गप्प बसणार होतो, पण "कोणीच देऊ नये" वाचून राहवलं नाही. आमच्या टीमचंही हेच धोरण होतं, आणि त्यापायी मी एक अख्खा रविवार पहाटे तीनपासून जागून काढलाय.

शनिवारी रात्री १०:४० ला नव्या मुलाने ग्रुपवर टाकलं, "सर्व्हरची जागा का भरतेय, काही कल्पना?" कुठला सर्व्हर, किती भरलाय, काही नाही. १०:४३ ला "जाऊ दे, झालं." सहा जणांनी वाचलं. मी नुकताच जेवून हात धुऊन बसलो होतो. म्हटलं, सुटली ब्याद.

पोराने केलं होतं असं. डिस्क १०० जीबीची, ९२ भरलेली. त्यात ३८ जीबीची एक लॉग फाइल सापडली, ती त्याने `rm` केली. `ls` मधून फाइल गेली, `du` ने फोल्डर हलकं दाखवलं, पोरगं खूश होऊन झोपलं. `df` मात्र बघितलं नाही. तिथे आकडा ९२ वरच होता, कारण ॲप्लिकेशन ती फाइल उघडून बसलं होतं. `rm` ने नाव पुसलं जातं. उघडून बसलेला जोवर सोडत नाही तोवर जागा सुटत नाही, आणि तो त्या बिननावाच्या फाइलीत लिहीतच राहतो. पावणेतीनच्या सुमारास उरलेले ८ जीबी संपले, पोस्टग्रेसला लिहायला जागा उरली नाही आणि ते बसलं. सोमवारच्या डेमोचा सगळा डेटा त्याच्यातच.

आणि आता खरी पंचाईत. डिस्क गच्च, पण कशाने ते दिसेना. `du` ची बेरीज ५४ च्या आसपास, `df` म्हणतंय १००. चाळीस मिनिटं फोल्डर उपसल्यावर डोक्यात प्रकाश पडला:

```
lsof +L1
```

तिथे ती फाइल होती, पुढे `(deleted)` लिहून, फुगून ४६ जीबी झालेली. १०:४३ ला सहा जणांपैकी एकाने जरी "कसं झालं? आता `df` काय दाखवतंय?" विचारलं असतं तर मी झोपलो असतो.

रविवार_बंद:
म्हणजे ट्रेनिंग तुमचं कच्चं, मॉनिटरिंग तुमचं नाही, ८० टक्क्यांना अलार्म लावायला हवा होता तो कोणी लावला नाही, आणि खापर माझ्या मतावर. वा. शनिवारी रात्री पावणेअकराला मी कोणाच्या "झालं"चा पंचनामा करत बसू? तो स्वतः म्हणतोय झालं. मोठा माणूस आहे, पगार घेतो.

जुना_अ‍ॅडमिन:
अलार्म नव्हता हे मान्य. झोंबलं, पण मान्य.

रिबूट_भाऊ:
एवढं रामायण कशाला? सर्व्हर रिस्टार्ट करायचा, फाइल सुटते, जागा मोकळी. आणि `du` आणि `df` मध्ये फरक असतोच राव, ५ टक्के जागा रूटसाठी राखीव असते ना.

जुना_अ‍ॅडमिन:
राखीव जागा असते, ext4 ला मूळ सेटिंग ५ टक्केच. पण ती `df` च्या "वापरलेली" या आकड्यात मिसळत नाही, "उपलब्ध" मधून कमी होते. म्हणून `du` आणि `df` मधला ४६ जीबीचा फरक तिने भरून निघत नाही. आणि रिस्टार्टने जागा सुटते हे खरं, पण फाइलही कायमची जाते. जागा भरतेय कशाने हे सांगणारी ती एकच फाइल होती!

प्रोसेस जिवंत आहे तोवर ती `/proc` मधून वाचता येते. आम्ही शेवटचे काही हजार ओळींचे तुकडे दुसऱ्या मशीनवर काढून घेतले, मग रिकामी केली:

```
tail -n 5000 /proc/2214/fd/7 | ssh backup 'cat > shevat.log'
: > /proc/2214/fd/7
```

(आकडे तुमच्या `lsof` मध्ये दिसतील ते घाला, माझे चिकटवू नका.) त्या ५००० ओळींत दिसलं की शुक्रवारी रात्रीच्या डिप्लॉयमेंटमध्ये कोणीतरी डीबग लॉगिंग चालू ठेवलं होतं. रिस्टार्ट मारला असता तर डीबग तसंच चालू राहिलं असतं आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच.

रिबूट_भाऊ:
"कोणीतरी" म्हणजे तुम्हीच ना? 😄

जुना_अ‍ॅडमिन:
विषय तो नाही.

सुलभा_नाशिक:
तुमचं ते डिस्क वगैरे मला कळत नाही, पण विषय अगदी ओळखीचा. माझ्या सासूबाई. दुपारी मेसेज, "अगं ती जेवणाआधीची गोळी..." आणि लगेच "राहू दे, काही नाही." मी मीटिंगमध्ये. म्हटलं संध्याकाळी बोलू. त्यांना आठवत नव्हतं गोळी घेतली की नाही, मला त्रास नको म्हणून स्वतःच ठरवलं, "नसेल घेतली" आणि पुन्हा घेतली. साखरेची गोळी होती. तासाभरात घाम, हात थरथर, जीभ जड. शेजारच्या काकूंनी साखरपाणी पाजलं आणि दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. तेव्हापासून "राहू दे" आलं की मी उठून फोन लावते, समोर कोणीही साहेब असो.

रविवार_बंद:
ताई, वाईट वाटलं वाचून. पण सासूबाई आणि ऑफिसचा ग्रुप एका मापाने मोजू नका. तिथे आपला माणूस आहे.

सुलभा_नाशिक:
त्या पोराचंही कोणीतरी आपलं माणूस असेलच की.

नवखा_इंजिनिअर:
मी त्या पोराच्या जागेवर असतो, म्हणून लिहितो. "जाऊ द्या" का लिहितो सांगू? तीनच कारणं. एक, लिहिता लिहिता स्वतःलाच सापडतं. दोन, मेसेज गेल्यावर लक्षात येतं की प्रश्न बावळट आहे, आणि खाली लीडच्या नावापुढे "टायपिंग" दिसायला लागतं. तेव्हा पोटात गोळा येतो. तीन, कोणी बघतच नाही, मग आपणच आपली लाज झाकतो. "प्रश्न नीट विचारा" म्हणणाऱ्यांना सांगतो, नीट विचारायला प्रश्न अर्धा कळलेला असावा लागतो.

आणि जुने अ‍ॅडमिनसाहेब, तुमचं "कसं झालं?" चौकीत विचारल्यासारखं वाजतं. मला एकदा सगळ्या ग्रुपसमोर "नक्की काय केलंस?" आलं होतं. त्यानंतर तीन महिने मी ग्रुपवर काहीच विचारलं नाही. सर्व्हर पडला असता तरी नसतं विचारलं.

जुना_अ‍ॅडमिन:
हे लागलं. मग काय लिहायला हवं होतं? खरंच विचारतोय, टोमणा नाही.

नवखा_इंजिनिअर:
"कशाने सुटलं ते एक ओळ टाकशील? मलाही लागेल." एवढंच. यात मी चूक केली असं कोणी धरून चाललेलं नाही. आणि मी "फाइल उडवली" लिहिलं असतं की तुम्हाला लगेच कळलं असतं.

वैतागलेली_टेस्टर:
सगळे ज्युनिअरवर घसरलात, साहेब लोकांचं काय? आमचे मॅनेजर रात्री साडेनऊला टाकतात, "उद्या तुझ्याशी जरा बोलायचं होतं." आणि पाच मिनिटांनी "सोड, नंतर बघू." रात्रभर मी डोक्यात माझा राजीनामा लिहिते. सकाळी कळतं, त्यांना डब्यातल्या भाजीवाल्या बाईंचा नंबर हवा होता! यांना "मलाही लागेल" लिहू का? आणि ते नुसतं "हाय" टाकून वाट बघत बसणारे वेगळेच. "हाय". मग शांतता. अरे बाबा, बोल ना.

रविवार_बंद:
"हाय"वर माझा पूर्ण पाठिंबा. त्यासाठी वेगळी शिक्षा हवी.

लॉगवाला_मिरज:
मूळ मुद्दा राहू दे, पण कोणी हे का बोलत नाही की चालू लॉग `rm` करायचाच नसतो? `truncate -s 0` करा. जागा तिथल्या तिथे सुटते, प्रोसेसला धक्का नाही.

जुना_अ‍ॅडमिन:
बरोबर, पण प्रोग्रामने फाइल अपेंड मोडमध्ये उघडली असेल तरच नीट. नसेल तर तो जुन्या जागेवरूनच पुढे लिहितो, आणि `ls -l` पुन्हा ३८ जीबी दाखवायला लागतं. डिस्कवर तेवढी जागा गेलेली नसते, मध्ये पोकळी असते, पण बघणाऱ्याचा जीव जातो.

लॉगवाला_मिरज:
म्हणून तर `logrotate` मध्ये `copytruncate`. आम्ही सहा वर्षं वापरतोय, कधी त्रास नाही.

जुना_अ‍ॅडमिन:
पोकळीवर तो उपाय नाहीच, तोही शेवटी फाइल तशीच रिकामी करतो. शिवाय कॉपी संपून फाइल रिकामी होईपर्यंत ज्या ओळी येतात त्या गेल्या. त्यापेक्षा फाइलचं नाव बदला आणि प्रोग्रामला नवी फाइल उघडायला सिग्नल द्या.

लॉगवाला_मिरज:
सिग्नल घेणारा प्रोग्राम असेल तर! आमच्याकडचं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर सिग्नल दिला की मरतं. पुस्तकी सल्ले पुण्यात बसून देणं सोपं आहे.

जुना_अ‍ॅडमिन:
मी पुण्यात नाही, चिपळूणला आहे. आणि पहाटे तीनला पुस्तक उघडलं नव्हतं.

वैतागलेली_टेस्टर:
धागा "जाऊ द्या"चा होता ना? आता इथे मी "जाऊ द्या" लिहू का?

रविवार_बंद:
लिहा, उत्तर देणार नाही. 🙂

असो. काल रात्री आमच्या ग्रुपचं महिन्याभराचं चाळलं. "झालं", "जाऊ दे", "मिळालं" मिळून अकरा सापडले. त्यातल्या दोघांनी त्याच आठवड्यात पुन्हा तोच प्रश्न विचारला होता, म्हणजे "झालं" नव्हतंच. नऊ मात्र खरंच सुटलेले निघाले, तेव्हा फार हुरळून जाऊ नका. मी एवढं मानतो, डिस्क, डेटाबेस, पासवर्ड असा शब्द त्या मेसेजात असेल तर कामाच्या वेळेत एक ओळ विचारीन. "उद्या सुट्टी आहे का"वाल्यांना नाही. आणि शनिवारी रात्री तर अजिबात नाही.

जुना_अ‍ॅडमिन:
डिस्क शनिवारी रात्रीच भरते हो.

रविवार_बंद:
मग अलार्म लावा.

नवखा_इंजिनिअर:
ते दोघं, ज्यांनी पुन्हा विचारलं, त्यांना पहिल्या वेळी कोणी काही लिहिलं होतं का?

रविवार_बंद:
नाही. एकाच्या खाली मीच अंगठा दाबला होता.