अनुभव धागा: पेपर किंवा पेटंटबद्दल सहकाऱ्याचं अभिनंदन करताना पडद्यामागच्यांचा उल्लेख कसा केलात?

धागाकर्ती
आमच्या गटातल्या सहकारी मैत्रिणीचा पेपर नुकताच प्रसिद्ध झाला. विभागातर्फे अभिनंदनाचं पत्र मी लिहिणार आहे. विषय आहे पाण्यातलं फ्लोराइड इलेक्ट्रोडने मोजण्याचा. हा इलेक्ट्रोड नीट चालत असेल तर २५ अंश सेल्सिअसला सांद्रता दहापट बदलली की साधारण ५९ मिलिव्होल्टचा फरक दिसतो. आमच्याकडे पहिले नमुने चोख यायचे आणि पुढे पुढे वाचन सरकत जायचं. इलेक्ट्रोड बदलला, बफर नवा केला, तरी तेच. शेवटी प्रयोगशाळा सहायक काकांनी बीकरच्या बुडाला हात लावून पाहिला. चुंबकीय ढवळणीची पाटी चालून चालून तापत होती आणि द्रावणाचं तापमान चढत होतं. त्यांनी मधे थर्मोकोलची चकती घातली, प्रत्येक वाचनाशेजारी तापमान लिहायला सुरुवात केली, आणि सरकणं थांबलं. आधीचे सगळे नमुनेही त्यांनीच पुन्हा मोजले. पेपरच्या ऋणनिर्देशात त्यांच्या नावापुढे 'तांत्रिक साहाय्य' एवढंच आहे. मला पत्रात याहून जास्त लिहायचंय, पण मैत्रिणीचा आनंद झाकोळू नये असंही वाटतं. तुम्ही हे कसं केलंत ते सांगा.

दुसरं प्रूफ
मी बरीच वर्षं एका शोधपत्रिकेच्या संपादनात होते. ताई, तुम्ही इथे लिहिलंय तेच पत्रात लिहा. 'मोलाचं सहकार्य लाभलं' हे वाक्य कुणालाही लागू पडतं, म्हणून कुणाच्याच लक्षात राहत नाही. 'ढवळणीची पाटी तापते हे यांनी ओळखलं आणि आधीचे नमुने पुन्हा मोजले' हे मात्र एकाच माणसाला लागू पडतं. मैत्रिणीच्या कामाबद्दलही इतकंच नेमकं लिहा. प्रश्न कुणी मांडला, निष्कर्ष कुणी काढला, परीक्षकांच्या शंकांना उत्तरं कुणी दिली, हे आलं की कुणाचाच आनंद झाकोळत नाही. झाकोळतो तो एकाबद्दल ठोस आणि दुसऱ्याबद्दल गुळमुळीत लिहिलं की.

एक पथ्य पाळा. 'खरे लेखक हेच' असं कौतुकाच्या भरात लिहू नका. वैद्यकीय शोधपत्रिकांच्या संपादकांची जी समिती आहे, तिच्या नियमांत लेखक म्हणवून घ्यायला चार अटी आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात महत्त्वाची सुधारणा करणं, अंतिम मसुद्याला संमती आणि कामाची जबाबदारी. चारही लागतात. इतर बऱ्याच विषयांतही हीच चौकट मानतात. पत्रातल्या अशा एका वाक्याने लेखकांच्या यादीवरच शंका येते, आणि ती काकांच्या अंगावर शेकते.

जिग आणि फिक्श्चर
पेटंटमध्ये हा प्रश्नच येत नाही. राबलेल्या सगळ्यांची नावं संशोधक म्हणून घालता येतात. आमच्या विभागप्रमुखांचं नाव प्रत्येक अर्जात असतं. अभिनंदन सरसकट सगळ्यांचं होतं, कुणी नाराज नाही.

दावा क्र. १
नाही हो, तिथे उलट जास्त काटेकोरपणा लागतो. पेटंटच्या शेवटी जे दावे असतात, त्यातली कल्पना ज्याच्या डोक्यातून आली तोच संशोधक. सांगितल्याबरहुकूम भाग बनवून देणारा, चाचण्या घेणारा, पैसा उभा करणारा तेवढ्यावर संशोधक ठरत नाही, आणि विभागप्रमुखही पदामुळे ठरत नाहीत. मुद्दाम चुकीची नावं घातली तर काही देशांत पेटंटच धोक्यात येतं. पण कारागिराने भाग बनवताना रचनाच बदलली आणि तो बदल दाव्यात आला, तर त्याचं नाव यायलाच हवं. मी अर्ज तयार करतो तेव्हा यंत्रशाळेत जाऊन हे स्वतः विचारतो.

अभिनंदनाबद्दल माझा अनुभव वेळेचा आहे. बहुतेक देशांत पहिल्या अर्जाच्या तारखेपासून १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. तो प्रसिद्ध झाला की लोक 'पेटंट मिळालं' म्हणून पत्रं पाठवतात. प्रत्यक्षात मंजुरी पुढे असते, कधी दावे आक्रसतात, कधी अर्ज फेटाळला जातो. आमच्याकडे एका सहकाऱ्याचं असं जाहीर कौतुक झालं आणि पुढे प्रत्येकाला तो 'अजून मिळालं नाही' हे समजावत बसला. त्या टप्प्यावर 'अर्ज प्रसिद्ध झाल्याबद्दल अभिनंदन' एवढंच म्हणावं. आणि अर्ज दाखल होण्याआधी तर बाहेर वाचलं जाईल अशा ठिकाणी काहीच लिहू नये. कुणाच्या कोणत्या युक्तीने यंत्र चाललं हे कौतुकाने लिहिलं, तरी ते जाहीर करणंच झालं, आणि त्यामुळे पेटंट हुकू शकतं. अमेरिकेत वर्षभराची सवलत आहे, युरोपात जवळजवळ नाही. मदतनिसांचं मनापासून कौतुक करताना हाच तपशील आधी निसटतो.

नवा_शोधार्थी
एका पेपरसाठी मी सगळे नमुने गोळा केले, नाव मात्र ऋणनिर्देशात आलं. आता लेखकांत घालता येईल का? अभिनंदनाचं पत्र मलाही आलंय, ते पुरावा म्हणून चालेल का?

दुसरं प्रूफ
धाग्याचा विषय थोडा वेगळा आहे, तरी सांगते. प्रसिद्धीनंतर नाव वाढवायचं तर पत्रिकेला दुरुस्ती छापावी लागते आणि बहुधा सगळ्या लेखकांची लेखी संमती मागतात. पत्रापेक्षा तुमची नोंदवही उपयोगी पडेल. नियम हेही सांगतात की ज्याचा वाटा भरीव आहे त्याला मसुदा वाचायची, सुधारायची संधी द्यायला हवी. ती दिली होती का, इथून बोलणं सुरू करा.

मध्यक
मी इतरांच्या माहितीचं सांख्यिकी विश्लेषण करून देते. एका पेपरच्या अभिनंदनपत्रात माझं नाव ठळक आलं, 'यांच्या विश्लेषणामुळे निष्कर्ष भक्कम झाला' म्हणून. मी त्यांना सांगितलं होतं की एवढ्या तुलना केल्यावर त्यासाठीची दुरुस्ती लावली तर तो निष्कर्ष टिकत नाही. त्यांनी ती लावली नाही. त्यामुळे कौतुक वाचून मला आनंद झाला नाही, माझी सही न विचारता घेतल्यासारखं वाटलं. ऋणनिर्देशात नाव घालण्याआधी त्या व्यक्तीची लेखी परवानगी घ्यावी असं म्हणतात ते याचसाठी, वाचणारा त्यावरून तुमचा होकार गृहीत धरतो. अभिनंदनाच्या पत्रालाही तेच लागू आहे. काकांना मसुदा दाखवाच.

लेथवाला
मी यंत्रशाळेतला. एका पत्रात 'काचेची नळी फुंकून दिल्याबद्दल' माझे आभार होते. ती शेजारच्या टेबलावरच्या माणसाने फुंकली होती. मी व्हॅक्यूमची गळती शोधून दिली होती, सगळे जोड हेलियमने तपासून. दोघांनाही वाईट वाटलं. काकांना फक्त 'चालेल का' असं विचारू नका, 'तुम्ही नेमकं काय केलंत' असं विचारा.

धागाकर्ती
विचारलं. काका म्हणाले, चकती ही नवी युक्ती नाही, जुन्या प्रयोगशाळेत सगळे घालायचे, त्याचं श्रेय नको. पुन्हा मोजणी केली ते जरूर लिहा, आणि एक प्रत वरिष्ठांना पाठवा. मैत्रिणीनेही मसुदा वाचला. आता असं लिहिलंय:

'पेपर प्रसिद्ध झाल्याबद्दल मनःपूर्वक अभिनंदन. कमी सांद्रतेला वाचन विश्वासार्ह राहतं का हा प्रश्न तू मांडलास आणि परीक्षकांच्या प्रत्येक शंकेला मोजणीतून उत्तर दिलंस. वाचन सरकण्याचं कारण ढवळणीच्या उष्णतेत आहे हे काकांनी ओळखलं, आणि आधीचे सर्व नमुने तापमानाच्या नोंदीसह पुन्हा मोजले. पेपरमधला मुख्य आलेख त्याच मोजणीवर उभा आहे.'

मध्यक
छान झालंय. पण मुख्य आलेख त्यांच्या मोजणीवर उभा असेल तर त्यांना पेपरचा मसुदा वाचायला का दिला नव्हता?

धागाकर्ती
हे मी मैत्रिणीला विचारलं. पुढच्या पेपरला देईन म्हणाली. या पेपरसाठी दुरुस्ती मागायची का, यावर आमचं एकमत झालेलं नाही. काका नको म्हणतात, मला मागावी असं वाटतं.