मदत हवी आहे: भाडेकरूंना एसी बसवायचा आहे, त्यांना लेखी उत्तर काय द्यावे?

उंबरठा
नमस्कार. माझी एक सदनिका भाड्याने दिलेली असून करार संपायला अजून चौदा महिने आहेत. भाडेकरूंनी गेल्या आठवड्यात पत्र पाठवून शयनगृहात दीड टनाचा स्प्लिट एसी स्वखर्चाने बसवण्याची परवानगी मागितली आहे आणि त्याच पत्रात, जाता जाता, न्हाणीघरातल्या टाइल्सवर एक लहान कप्पा लावला तर चालेल का, असेही विचारले आहे. माणसे सरळ आहेत, भाडे कधी थकलेले नाही, त्यामुळे नकार देण्याचा माझा विचार नाही.

अडचण अशी की घराचे वायरिंग वीस वर्षांपूर्वीचे आहे आणि त्या खोलीत एसीसाठी वेगळा पॉइंट काढलेला नाही. पलंगाशेजारी सहा अँपिअरचा साधा सॉकेट आहे, आणि त्यांचा बेत तेथूनच जोडणी घेण्याचा आहे. "तुम्हाला काही तोशीस पडणार नाही, जाताना सगळे काढून नेऊ," असे त्यांनी लिहिले आहे. मी नुसते "हरकत नाही" असे कळवले तर पुढे भिंतीचे भोक, ओल किंवा जळालेला सॉकेट यांची जबाबदारी कोणावर येईल, हे मला स्पष्ट होत नाही. उत्तरात कोणत्या अटी घालाव्यात?

गारवा
आपण उगाच काळजी करत आहात असे वाटते. हल्लीचे इन्व्हर्टर एसी खोली गार झाल्यावर अगदी कमी वीज घेतात, त्यामुळे जुने वायरिंगही पुरते. फार तर एमसीबी मोठा बसवून घ्या, म्हणजे तो सारखा पडणार नाही.

तारकाम
मी विद्युतकामाचा ठेकेदार आहे. वरील प्रतिसादातला पहिला भाग अर्धाच खरा आहे आणि दुसरा सल्ला कृपया कोणी अमलात आणू नये.

इन्व्हर्टर एसी कमी वीज घेतो तो खोली गार झाल्यानंतर. भर दुपारी, उन्हाने तापलेल्या खोलीत, कॉम्प्रेसर पूर्ण जोराने चालतो आणि २३० व्होल्टवर दीड टनाचे यंत्र साधारण सात ते आठ अँपिअर ओढते, तेही तासन्‌तास. सहा अँपिअरचा सॉकेट त्यासाठी बनलेलाच नाही. लोकांची फसगत होते ती येथे: त्या लाइनवर दहा अँपिअरचा एमसीबी असेल तर आठ अँपिअरला तो पडणार नाही, कारण त्याच्या हिशेबाने सगळे ठीक चाललेले असते; तापत असतात त्या सॉकेटच्या आतल्या पट्ट्या. एसी तासभर चालल्यावर प्लगच्या वरच्या बाजूला हात लावून पाहावा. तो गरम लागला, पिना तपकिरी पडलेल्या दिसल्या किंवा प्लॅस्टिकचा वास आला, तर ती जोडणी त्याच दिवशी बंद करावी. मोठा एमसीबी बसवला तर बारीक तारेचे उरलेसुरले संरक्षणही जाते आणि मग भिंतीच्या आतली तार तापू लागते, जी कोणाला दिसत नाही.

म्हणून परवानगीची पहिली अट ही ठेवा की मुख्य बोर्डापासून एसीपर्यंत स्वतंत्र लाइन ओढली जाईल. दीड टनासाठी मी स्वतः चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, वीस अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी आणि टोकाला सोळा किंवा वीस अँपिअरचा सॉकेट देतो. अर्थिंग मात्र आधी तपासून घ्या. जुन्या घरांत अर्थिंगची तार सॉकेटपर्यंत आलेली दिसते, पण पलीकडे ती कशालाच जोडलेली नसते.

सावली
मी स्वतः भाडेकरू आहे. माझ्या घरमालकांनी एसी बसवून देण्याचे कबूल करून दोन उन्हाळे नुसते काढले. मालकांनी एवढा विचार करण्यापेक्षा स्वतःच यंत्र बसवून भाडे थोडे वाढवले तर काय बिघडते?

उंबरठा
सावली, आपला त्रास मी समजू शकतो, परंतु माझ्या भाडेकरूंकडे यंत्र आधीपासून आहे आणि त्यांना तेच वापरायचे आहे. तारकाम, मनःपूर्वक आभार. भोकाविषयी मार्गदर्शन कराल का? खिडकीच्या वर बीम आहे आणि भाडेकरूंचा तंत्रज्ञ म्हणतो की नळी तेथूनच सरळ बाहेर काढू.

तारकाम
बीममधून अजिबात नाही, खांबातूनही नाही. ड्रिल लोखंडी सळईला लागले की कारागीर थांबत नाही, ती कापून पुढे जातो, आणि वर गिलावा झाला की कोणाला काही कळत नाही. भोक विटांच्या भिंतीत, साधारण पासष्ट मिलिमीटर व्यासाचे, कोअर कटरने पाडायला सांगा. छिन्नी-हातोड्याने बाहेरच्या बाजूचे मोठे पोपडे निघतात आणि पावसाळ्यात तेथूनच ओल येते. भोकाचा उतार बाहेरच्या बाजूला असावा.

भांडण मात्र बहुधा भोकावरून होत नाही, पाण्यावरून होते. दमट दिवशी असे यंत्र तासाला लिटरभर किंवा त्याहून जास्त पाणी काढते. निचऱ्याची नळी मध्येच वर चढली किंवा तिला झोळ पडला, तर पाणी मागे फिरून आपल्याच भिंतीवरून ओघळते. आणि ती बाहेर मोकळी सोडली, तर खालच्या मजल्याच्या खिडकीवर ठिबकत राहते. काम संपल्यावर तंत्रज्ञाला आतल्या ट्रेमध्ये बाटलीभर पाणी ओतायला लावा आणि ते कोठे पडते हे आपण खाली उभे राहून पाहा. हे पाहिल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका.

मजकूर
मी करारनाम्यांची कामे पाहते, म्हणून कागदापुरते सांगते. तोंडी परवानगी देऊ नका आणि मूळ करारात खाडाखोडही करू नका. दोघांच्या सह्यांचे वेगळे पत्र करा. त्यात यंत्राची क्षमता, बाहेरच्या युनिटची जागा आणि भोकाची जागा फोटोवर खूण करून जोडा. सोसायटीची लेखी संमती आल्याशिवाय काम सुरू होणार नाही, हे वाक्य घाला, कारण बाहेरची भिंत एकट्या आपली नसते. "जाताना काढून नेऊ" एवढे पुरेसे नाही. यंत्र काढण्यापूर्वी गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतला जाईल, भोक आधी बाहेरून आणि मग आतून बुजवले जाईल आणि भिंत रंगवली जाईल, असे क्रमाने लिहा. कप्प्यासाठी टाइलला भोक न पाडता दोन टाइल्समधल्या सांध्यात पाडावे, इतके पुरे.

गारवा
एमसीबीबाबतचे माझे विधान मागे घेतो. पण स्वतंत्र लाइनचा खर्च भाडेकरूंनी का करावा? तार काही ते उपटून नेणार नाहीत, ती मालकांच्याच घरात राहणार.

मजकूर
माझ्या मते ज्यांना सोय हवी त्यांनी खर्च करावा, आणि तार नेता येणार नाही हे पत्रात स्पष्ट असावे.

तारकाम
मला हे पटत नाही. लाइन मालकांनी स्वतःच्या माणसाकडून ओढून घ्यावी, म्हणजे भिंतीत कोणती तार गेली हे त्यांना पक्के ठाऊक राहील. खर्च भाडेकरूंवर टाकला की चारऐवजी अडीचची तार येते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

उंबरठा
सर्वांचे आभार. उत्तराचा मसुदा असा केला आहे: "आपल्या विनंतीस पुढील अटींवर माझी संमती आहे. पलंगाशेजारच्या सॉकेटवरून जोडणी घेऊ नये. स्वतंत्र लाइन मी माझ्या विद्युत-कारागिराकडून ओढून देईन. भोक खिडकीच्या उजवीकडील विटांच्या भिंतीत, सोबतच्या फोटोवर खूण केलेल्या जागीच पाडावे आणि निचऱ्याची चाचणी माझ्या उपस्थितीत व्हावी." लाइनचा निम्मा खर्च त्यांच्याकडून मागावा की नाही, यावर घरात अजून एकमत झालेले नाही, म्हणून ती ओळ कोरी सोडली आहे.