फोटो बघून आसनाला गुण द्यावेत का?

अमळनेरचे क्रीडाशिक्षक: मुलांकडून वृक्षासनाचे फोटो मागवले आणि आदर्श चित्राशेजारी ठेवून गुण देतोय. आठवीतल्या एका मुलीचे खांदे डावीकडे कललेत, म्हणून पाचातले दोन कापले. तिचे वडील म्हणतात, फोटोवरून हे ठरवताच येत नाही. मला वाटतं, येतं. चेहरा झाकून फोटो टाकतोय.

भुसावळची योगशिक्षिका: सर, मागच्या दाराची चौकट बघा. तीही डावीकडेच कललीय, म्हणजे मोबाइल तिरका धरला होता. मी कोनमापक लावून पाहिलं: खांद्यांची रेघ ५ अंश, चौकट ४. मुलीचा स्वतःचा कल उरला १ अंश. एवढ्यावर दोन गुण कापू नका.
खरी चूक कमरेत आहे. चौकटीचे ४ अंश वजा केले तरी उचललेल्या पायाकडची कंबर स्पष्ट वर चढलीय. पाऊल मांडीवर फार वर ओढलं की असं होतं. तिला पाऊल पोटरीवर ठेवायला सांगा, गुडघ्यावर मात्र टेकवू देऊ नका, आणि पुन्हा फोटो घ्या.

धुळेकर: म्हणजे फोटो चालतो, कॅमेरा सरळ हवा एवढंच! माझी रीत सोपी आहे. नाकापासून बेंबीतून रेघ ओढायची, डावी-उजवी बाजू जुळली की पूर्ण गुण.

भुसावळची योगशिक्षिका: दादा, ताडासनात ते चालेल. वृक्षासनात एक पाय दुमडलेला, तर बाजू जुळणार कशा? उजव्या पायावरचा फोटो डाव्या पायावरच्या फोटोशी ताडायचा, तेव्हा सममिती कळते. शिवाय सेल्फीत काही मोबाइल डावं-उजवं उलटवतात, ते आधी तपासा.

रावेरचा केळीवाला: ताई, घड वाहून माझी पाठ दुखते. असाच फोटो पाठवला तर मणका कुठे सरकलाय ते सांगाल का?

भुसावळची योगशिक्षिका: नाही भाऊ. फोटोत ठेवण दिसते, दुखणं दिसत नाही. डॉक्टरांना दाखवा.

चाळीसगावचा पालक: माझा विरोध कायम आहे. तोल ही टिकण्याची गोष्ट. पोरगं दोन सेकंद उभं राहिलं, फोटो निघाला, लगेच पडलं, तरी त्याला पूर्ण गुण?

भुसावळची योगशिक्षिका: तोलाबाबत तुमचं पटतं. त्यासाठी मी वीस सेकंदांचा व्हिडिओ घेते आणि टेकलेल्या पावलाचा घोटा किती डगमगतो ते बघते. पाठीसाठी दुसरा फोटो कडेने. हात वर नेताना कंबरेचा बाक वाढतो, फासळ्या पुढे येतात. समोरून ते लपतं. शेजारी गवंड्याचा ओळंबा टांगायचा, मोबाइल बेंबीच्या उंचीवर, आठ-दहा फुटांवर.

अमळनेरचे क्रीडाशिक्षक: ओळंबा लावून उद्या सगळ्यांचे फोटो परत घेतो. तिचे दोन गुण आज परत दिले. पण आदर्श चित्रातल्या माणसाचा गुडघा पूर्ण बाहेर वळलाय, अर्ध्या वर्गाचा वळत नाही. त्याचे गुण कापू?

भुसावळची योगशिक्षिका: मी कापत नाही. खुब्याची घडण प्रत्येकाची वेगळी.

धुळेकर: मी कापतो. मग आदर्श चित्र ठेवायचं कशाला?