प्रतिसाद: डायल्युटेड ईपीएस आणि शेअरची किंमत

"नफा तेवढाच, नवे शेअर दिले नाहीत, मग डायल्युटेड ईपीएस घसरला कसा?"

शेअरचा भाव वाढल्यामुळे. ईपीएस म्हणजे एका शेअरमागे येणारा नफा; डायल्युटेड ईपीएस काढताना कर्मचाऱ्यांच्या ऑप्शनसारख्या, ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याच्या हक्कांमुळे वाढू शकणारे शेअरही धरतात. समजा नफा १०० कोटी आणि शेअर १० कोटी, म्हणजे बेसिक ईपीएस १०. कर्मचाऱ्यांकडे ६० च्या भावाने शेअर घ्यायचे २ कोटी ऑप्शन आहेत. हिशेब असा धरतात की ते सगळे वापरले गेले, कंपनीकडे १२० कोटी आले आणि त्यातून तिने त्या काळातल्या सरासरी बाजारभावाने शेअर परत घेतले. भाव १०० असेल तर १.२ कोटी शेअर परत येतात, ०.८ कोटी वाढतात आणि ईपीएस ९.२६ होतो. भाव १५० झाला की ८० लाखच परत येतात, १.२ कोटी वाढतात, ईपीएस ८.९३.

मला जास्त काळजी उलट्या स्थितीची वाटते. सरासरी भाव ६० च्या खाली असेल, तर हे ऑप्शन हिशेबातच धरत नाहीत. तोट्याच्या वर्षातही तसंच. बेसिक आणि डायल्युटेड ईपीएस सारखे दिसतात, पण ऑप्शन गेलेले नसतात. म्हणून वार्षिक अहवालात ईपीएसच्या टिपेतली वगळलेल्या ऑप्शनची संख्या जरूर बघा.