मदत हवी आहे: पट्टीची रुंदी dx का चालत नाही?

बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज तालुक्याला, घरी शिकवणारं कोणी नाही. अंगणात कुटाराचा शंकूसारखा ढीग आहे. पायथ्याची त्रिज्या 4 फूट, उंची 3 फूट. ताडपत्री किती लागेल ते इंटिग्रेशननं काढायला बसलो.

शेंड्यापासून खाली x मोजला, म्हणजे त्रिज्या y = 4x/3. पातळ आडव्या पट्ट्या पाडल्या, प्रत्येकीचं क्षेत्रफळ 2πy dx धरलं. 0 ते 3 बेरीज आली 12π. पण ढिगाखालची जमीनच 16π आहे! वरची ताडपत्री तिच्याहून कमी कशी भरेल?

मग सुतळी लावून पाहिली. उतार भरला 5 फूट. म्हणजे x 3 फूट उतरतो तेव्हा ताडपत्री 5 फूट घसरते, म्हणून पट्टीची रुंदी dx नाही, ds = (5/3)dx. आता उत्तर 20π, πrl शी जुळतं.

अडलं ते पुढंच. घनफळ काढताना πy² dx घेतलं तर 16π बरोबर येतं, तिथं उतार विचारातच घ्यावा लागत नाही. माझा अंदाज असा, की चकतीच्या काठावर सुटणारी कड dx आणि dy दोन्हीनं लहान होते, म्हणून शेवटी उरत नाही. पट्टीत मात्र 5/3 चं प्रमाण ती कितीही बारीक केली तरी तसंच राहतं. हे बरोबर आहे का?

आणि y = √x फिरवला तर x = 0 पाशी उतार अनंत होतो, पण 2πy ds सोडवल्यावर 2π√(x + 1/4) dx असं साधंच उरतं. तिथं 0 पासून बिनधास्त इंटिग्रेट करू का? कोणी नीट समजावून सांगा ना भाऊ.