मदत हवी आहे: भाड्याच्या घरात बारसं, भिंतीला हात न लावता सजावट कशी करू?

सायली_डोंबिवली
नमस्कार मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी लेकीचं बारसं आहे, घरीच करतोय, पंचवीसेक माणसं होतील. हॉल दहा बाय बाराचा, पाळणा स्टँडवाला भाड्याने आणतोय कारण छताला कडी नाहीये. प्रॉब्लेम भिंतीचा आहे. मागच्या घरात नवऱ्याच्या वाढदिवसाला डबल साइड टेपने फुगे लावले होते, काढताना रंगाचे पापुद्रे निघाले आणि घरमालकांनी डिपॉझिटमधून पैसे कापले. त्यामुळे आता खिळा नाही, टेप नाही. मागे छान पडद्यासारखं काहीतरी हवंय आणि बाळाचं नावही लावायचंय. मी अजून फार उठबस करत नाही, म्हणून नवरा आणि दीर तासाभरात लावतील असंच सांगा प्लीज.

निनाद७
डबल साइड कधीच नाही, मास्किंग टेप घे, पेंटर लोक वापरतात ती. भिंतीला काही होत नाही, आम्ही दोनदा लावलीये.

वैशाली ताई
निनाद, ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट असेल तर चालते, पण भाड्याच्या घरात बऱ्याचदा डिस्टेंपर असतो. सायली, भिंतीवरून तळहात घासून बघ. पांढरी पावडर हाताला आली तर कुठलीच टेप नको, कारण टेप भिंतीला नाही, त्या पावडरीला चिकटते. मग एकतर कार्यक्रमाच्या मधेच सगळं खाली येतं, नाहीतर काढताना थर घेऊन येतं. ते चिकटवायचे हुकही तसेच.

मी आजवर घरातली चार-पाच बारशी सजवलीयेत, भिंत सोडून दे. हॉलच्या खिडकीला पडद्याचा रॉड आहे ना? पडदे काढून त्यावर साड्या टाक. साडी साधारण साडेपाच मीटर म्हणजे अठरा फूट, रॉडवरून अर्धी पुढे अर्धी मागे सोडली की दोन्हीकडे नऊ फूट येते, जमिनीपर्यंत आरामात पोचते, काठ उभे दिसतात. पन्हा पावणेचार फुटांच्या आसपास असतो, म्हणून सात फुटांच्या रॉडला तीन साड्या घे म्हणजे चुण्या पडतील, दोनच घेतल्या तर ताणलेली चादर वाटते. वर कपड्यांचे चिमटे मागच्या बाजूने लावा, सेफ्टी पिन जरीत घालू नका, धागा ओढला जातो. साडी दुहेरी पडते त्यामुळे मागचा उजेडही अडतो, नाहीतर फोटोत बाळाचा चेहरा काळा येतो.

सायली_डोंबिवली
ताई, आत्ताच हात घासून बघितला, पावडर आली!! रॉड साडेसहा फुटांचा आहे. पाळणा साड्यांना अगदी टेकवून ठेवू का? हॉल लहान आहे.

वैशाली ताई
नको गं. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणताना पाळण्याच्या वरून-खालून देवघेव करतात, वरवंटा आणि मग बाळ, तेव्हा दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहतात. मागे तीनेक फूट मोकळे हवेत. पाळणा टेकवला तर ऐन वेळी सगळ्या मिळून तो सरकवतात आणि साड्या ओढल्या जातात, माझ्या भाचीच्या बारशाला नेमकं हेच झालं.

झेंडूच्या माळा रॉडवर नको, जड असतात. स्टँडच्या वरच्या दांडीला बाहेरच्या बाजूने गुंडाळा. पाणी मारलेली फुलं असतील तर आधी पेपरवर निथळू द्या, साडीला लागली तर पिवळे डाग पडतात.

केतकी_नाशिक
मुलाचा पहिला वाढदिवस आहे पुढच्या महिन्यात, गच्चीवर फुग्यांची कमान करायचीये, दुपारी उन्हात टिकेल का?

निनाद७
उन्हात फुटतात, संध्याकाळी कर. आणि सायली, बारशाला फुगे नकोच, बाळ दचकेल. वैशाली ताई, डिस्टेंपरचं लक्षात नव्हतं आलं.

सायली_डोंबिवली
फुगे रद्द! नावाचं काय करू? आत्या कानात सांगेपर्यंत कुणाला कळायला नको.

वैशाली ताई
कार्डपेपरवर एकेक अक्षर काढ, सुतळीला लहान चिमट्यांनी लाव, सुतळीची दोन टोकं रॉडच्या दोन टोकांना. अक्षरं उलटी, म्हणजे कोरी बाजू पुढे. आत्याने नाव घेतलं की दोन मुलींनी भराभर फिरवायची. अक्षरांची संख्या कळेल म्हणून दोन कोरी जास्तीची लाव.

माधुरी_कोल्हापूर
आमच्याकडे नाव पाटावर तांदळात लिहून वर ताट झाकतात, सुतळीपेक्षा तेच बरं वाटतं.

सायली_डोंबिवली
सासूबाईंनाही तांदळाचंच आवडलंय, नवऱ्याला सुतळीचं. बघू कोणाचं चालतंय. साड्या आजच आईकडून मागवल्या, एक जरा हलकी सिंथेटिक आहे, ती घसरणार नाही ना रॉडवरून?